हॉस्पिटलचा स्क्रब टॉप डिझाइन करायचाय? मग आधी लॉन्ड्रीत जाऊन या

हॉस्पिटलच्या युनिफॉर्मची मीटिंग असली की पहिला अर्धा तास रंगावर जातो, मग लोगो कुठे, मग गळा व्ही की गोल, आणि कापड कुठल्या तापमानाला धुतलं जाणार हा प्रश्न बऱ्याचदा कोणी विचारतच नाही. मला वाटतं हे अगदी उलटं आहे. स्क्रब टॉप अंगावर एक शिफ्ट राहतो आणि मग मशीनमध्ये जातो, परत येतो, परत जातो, आणि त्याचा खरा छळ तिथे मशीनमध्ये होतो. म्हणून या लेखात मी एकच वस्तू घेणारे, वॉर्डमधल्या नर्सचा अर्ध्या बाहीचा स्क्रब टॉप, आणि तो लॉन्ड्रीपासून मागे मागे येत कसा ठरवायचा ते सांगणारे. किचनच्या जॅकेटचा विषय मध्ये एकदाच येईल, कारण तिथे एक गोष्ट जीवावरची आहे.

तर आधी मशीनमध्ये होतं काय ते बघू. हॉस्पिटलचे कपडे आले की पहिलं पाणी गार किंवा अगदी कोमट असतं, कारण रक्त म्हणजे प्रोटीन, त्यावर थेट कडक पाणी पडलं की ते शिजून धाग्यात बसतं आणि मग काही केल्या निघत नाही. ते गार पाणी सोडून दिलं की मेन वॉश, तिथे गरम पाणी आणि अल्कली म्हणजे तीव्र क्षारीय डिटर्जंट, मग ब्लीच, मग दोन-तीन वेळा खंगाळणं, शेवटी थोडं आम्ल घालून उरलेला क्षार मारणं, मग जोरात पिळणं आणि ड्रायर. तापमानाचे आकडे देशोदेशी थोडे वेगळे आहेत. इंग्लंडच्या हॉस्पिटल लॉन्ड्रीच्या नियमात ६५ अंशाला किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशाला किमान ३ मिनिटं, आणि वर पाणी सगळ्या कपड्यांत सारखं पोचायला लागणारा वेळ वेगळा धरायचा. अमेरिकेत सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था ७१ अंश आणि २५ मिनिटं म्हणते. आपण डिझाइन करताना यातलं कडक ते धरायचं, म्हणजे ७१ अंश, आणि प्रत्येक वेळी.

आता या ७१ अंशाने बहुतेक जंतू मरतात पण सगळं मरत नाही हे लक्षात ठेवा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल नावाचा एक जंतू आहे, त्याचे बीजाणू म्हणजे स्पोअर्स या उष्णतेला दाद देत नाहीत. त्यांच्या बाबतीत कपडा साफ होतो तो मुख्यतः आपटून, घुसळून आणि भरपूर पाण्यात वाहून जाऊन. आणि इथेच डिझायनरचं काम सुरू होतं, कारण पाणी जिथे नीट फिरणार नाही तिथे घाणही वाहून जाणार नाही. म्हणजे स्वच्छतेसाठी कापडावर काय फवारलंय यापेक्षा कपड्यात कोपरे किती आहेत, थर किती आहेत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. (अँटिमायक्रोबियल फिनिशचं कापड खूप जोरात विकलं जातं, पण आयसीयूतल्या नर्सेसवर झालेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली एक रँडमाइज्ड चाचणी आहे, तिच्यात अशा स्क्रब्जने शिफ्टच्या शेवटी जंतू काही कमी झालेले दिसले नाहीत. तेच पैसे एक जास्तीचा जोड घ्यायला वापरा असं मी तरी सांगेन.)

खिसा हे सगळ्यात चांगलं उदाहरण. नेहमीचा पॅच खिसा खाली दोन काटकोनी कोपऱ्यांचा असतो. वापरात असलेला कुठलाही जुना टॉप घ्या, खिसा आतून बाहेर उलटा करा आणि कोपऱ्यात बोट घाला, राखाडी लिंटचा म्हणजे कापडाच्या सुटलेल्या तंतूंचा घट्ट बोळा हाताला लागेल, कधी त्यात कागदाचे तुकडे, कधी टेपचा चिकट भाग. तो बोळा शंभर धुण्यांत सुद्धा निघत नाही कारण तिथे पाणी फिरतच नाही, आणि मोठ्या लॉन्ड्रीत कोणी प्रत्येक खिसा उलटा करत बसणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. खालचे कोपरे तिरके कापले किंवा चांगले गोल केले की हा प्रकार जवळपास संपतो. खिशाला झाकण नको, वेल्क्रो तर अजिबात नको कारण वेल्क्रो मशीनमधल्या बाकी सगळ्या कपड्यांचं लिंट ओढून घेतं आणि चार-पाच धुण्यांत चिकटायचंही बंद होतं. छातीवरचा खिसा मी टाळते, पेशंटवर वाकलं की त्यातलं सामान खाली पडतं, आणि तिथे पेन राहून गेला की पूर्ण लोड शाईचा होतो. खाली दोन खिसे पुरतात. तसंच खालची दुमड रुंद ठेवायची हौस सोडा, दीड ते दोन सेंटीमीटर बास, रुंद दुमडीत पाणी साठून राहतं आणि बाकी टॉप सुकला तरी ती ओलसर राहते, मग ड्रायरवाला वेळ वाढवतो आणि बाकीचं कापड विनाकारण भाजून निघतं.

बाही कोपराच्या वर संपली पाहिजे, आणि नुसती वर नाही तर हात वाकवल्यावरही वर राहिली पाहिजे. इंग्लंडमध्ये २००७ साली हात कोपरापर्यंत उघडे ठेवायचा नियम आला तो हात धुणं नीट व्हावं म्हणून, आणि ते बरोबरच आहे, मनगटाला कफ असेल तर कोणी मनगटापर्यंत धूत नाही.

आता कापड. पूर्ण कॉटन अंगाला सगळ्यात छान, घाम शोषतं, पण पाणीही तितकंच धरून ठेवतं, सुकायला वेळ घेतं, आटतं, आणि ब्लीचने हळूहळू त्याचा धागाच कमजोर होतो. पूर्ण पॉलिस्टर आटत नाही, पटकन सुकतं, मजबूत असतं, पण बारा तासांच्या शिफ्टमध्ये अंगाला चिकटतं आणि तेलकट डाग सोडायला तयार नसतं. म्हणून जगभर मोठ्या लॉन्ड्रीत जाणाऱ्या युनिफॉर्मसाठी मिश्र कापड वापरतात, आणि त्यात ६५ टक्के पॉलिस्टर ३५ टक्के कॉटन हे प्रमाण फार प्रचलित आहे. वजन टॉपसाठी चौरस मीटरला साधारण १५० ते १९० ग्रॅम. त्याहून हलकं घेतलं तर आतलं दिसतं आणि खिशाच्या टोकाला फाटतं, जास्त जड घेतलं तर गरम होतं आणि वाळत नाही.

मिश्र कापडाची एक खोड मात्र माहीत हवी. पॉलिस्टर साधारण ७० ते ८० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणजे वितळत नाही, ते तर २५०-२६० अंशाला, पण आकार घ्यायला तयार होतं. म्हणजे आपलं ७१ अंशाचं पाणी नेमकं त्याच सीमेवर येतं. त्या वेळी मशीन खच्चून भरलेलं असेल आणि गरम पाण्यावर एकदम गार पाणी सोडलं तर कापडावर ज्या सुरकुत्या त्या क्षणी असतील त्या तशाच पक्क्या होतात, आणि नंतर इस्त्रीनेही नीट जात नाहीत. मग तक्रार येते की कापड भिकार दिलंय. कापड ठीक असतं, पाणी हळूहळू थंड करायला हवं होतं आणि ड्रम थोडा रिकामा ठेवायला हवा होता. म्हणून मी सँपलबरोबर धुण्याची सूचना लेखी देते आणि त्यात हे वाक्य पहिलं असतं.

किचनचं ते एक सांगते म्हटलं होतं. पॉलिस्टर आगीच्या जवळ गेलं की मऊ होऊन, वितळून कातडीला चिकटतं, त्यामुळे भाजणं खूप खोलवर जातं आणि कपडा काढताना कातडी निघते. कॉटन जळतं, पेट घेऊ शकतं, पण वितळत नाही. म्हणून शेगडीसमोर उभं राहणाऱ्यांच्या जॅकेटला पूर्ण कॉटन किंवा जास्त कॉटनचं जाड कापड, पुढे दुहेरी थर म्हणजे गरम काही सांडलं तर अंगापर्यंत यायला वेळ लागतो, आणि एका झटक्यात उघडता येईल अशी बटणं. तिथे आटणं आणि सुरकुत्या सहन करायच्या. वॉर्डमध्ये हा धोका नाही म्हणून तिथे मिश्र कापड. एकाच हॉस्पिटलच्या किचनला आणि वॉर्डला एकाच थानातून कपडे शिवणं मला म्हणूनच पटत नाही, कितीही सोयीचं असलं तरी.

आता आटण्याचं गणित, आणि हे जरा सावकाश करू कारण बहुतेक ऑर्डरी इथेच बिघडतात. समजा आपल्याला एका साइझचा टॉप असा हवाय की धुऊन धुऊन स्थिर झाल्यावर त्याची लांबी ७२ सेंटीमीटर आणि छातीचा घेर ११२ भरला पाहिजे. नव्या कापडाचा मोठा चौकोन घ्यायचा, त्यावर न पुसणाऱ्या पेनने उभ्या धाग्याच्या दिशेने बरोबर ५० सेंटीमीटर आणि आडव्या धाग्याच्या दिशेने ५० सेंटीमीटर अशा खुणा करायच्या, आणि ज्या मशीनमध्ये ते कपडे पुढे धुतले जाणार तिथेच, त्याच प्रोग्रॅमवर, ड्रायरसकट धुवायचं. घरच्या मशीनमध्ये नाही. पहिल्या धुण्यानंतर उभी खूण ४९ भरली म्हणजे २ टक्के आटलं. इथे बरेच जण थांबतात आणि पॅटर्नला २ टक्के वाढवून मोकळे होतात. पण कॉटन असलेलं कापड एका धुण्यात सगळं आटत नाही, ते हप्त्याहप्त्याने आटतं. पाचव्या धुण्यानंतर तीच खूण ४८.५ झाली, म्हणजे ३ टक्के, आणि दहाव्यालाही ४८.५च राहिली, म्हणजे आता स्थिर झालं. आडवं ४९.२५ झालं, म्हणजे दीड टक्का.

मग पॅटर्न असा काढायचा. लांबी ७२ भागिले ०.९७, म्हणजे ७४.२. घेर ११२ भागिले ०.९८५, म्हणजे ११३.७. नवा टॉप ट्रायलला घातला की किंचित मोठा दिसणार, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी नक्की म्हणणार की ढगळ आहे, जरा घ्या. घ्यायचा नाही. ट्रायलला नवा टॉप द्यायचाच नाही, पाच वेळा धुतलेला द्यायचा, हा वाद तिथेच संपतो.

पण कापड एकटं आटत नाही ही यातली खरी गोम. टॉपमध्ये गळ्याची पट्टी आहे, खिसा आहे, लेबल आहे, शिलाईचा दोरा आहे, आणि यातलं प्रत्येक आपापल्या हिशेबाने आटतं. मुख्य अंग उभ्या धाग्यात ३ टक्के आटणार आणि त्याला लावलेली व्ही गळ्याची पट्टी आडव्या धाग्यात कापली असेल तर ती दीडच टक्का आटणार, मग अंग आखूड आणि पट्टी लांब, आणि गळा समोरून सुटून उभा राहतो, वाकलं की आतलं सगळं दिसतं. बायकांची या टॉपबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते आणि ती गळा खोल असल्याची म्हणून नोंदवली जाते, म्हणून पुढच्या वेळी गळा वर घेतात आणि तो परत सुटतो. गळा खोल नसतोच, पट्टीची दिशा चुकलेली असते. पट्टी त्याच कापडाची आणि ज्या कडेवर बसणार तिच्या दिशेला मिळेल अशी कापा. खिसाही अंगाच्याच दिशेने कापा. लेबलची फीत पॉलिस्टरची असेल तर ती आटणारच नाही, म्हणून चारी बाजूंनी शिवू नका, वरच्या एका कडेनेच शिवा. आणि गळ्याच्या पट्टीत फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं बकरम, घालूच नका, गरम धुण्यात त्याचा गोंद सुटतो आणि पट्टीवर फुगे येतात. कडकपणा हवाच असेल तर त्याच कापडाचा एक थर आत शिवून घ्या.

दोरा कॉटनचा नको, तो आटतो आणि शिवण ओढून बारीक चुण्या पाडतो. आत पॉलिस्टरचा अखंड तंतू आणि वर आवरण असलेला कोअर स्पन दोरा मिळतो, तो घ्या. टाके इंचाला दहा-बारा. कुशीला पाच दोऱ्यांचं मशीन, म्हणजे एकाच वेळी ओव्हरलॉकही होतं आणि बाजूने साखळी टाकाही पडतो, आणि शिवणीची माया किमान एक सेंटीमीटर, कारण ड्रायरमध्ये कडा सतत घासून उसवत येतात आणि अर्ध्या सेंटीमीटरच्या शिवणीला तेवढी सवडच नसते. खांद्याला दाबशिलाई चालते, तिथे वजन येतं. काखेत मात्र दाबशिलाई नको, चार थर एकत्र येतात, ते काखेत बोचतात आणि सुकतही नाहीत.

खिशाच्या टोकांना बारटॅक, म्हणजे मजबुतीसाठी एकाच जागी मारलेले दाट टाके, सगळेच मारतात, चांगलंच आहे, पण पातळ कापडावर फार दाट बारटॅक मारला की सुईच्या छिद्रांनी तिथलं कापड टपाल तिकिटाच्या कडेसारखं होतं आणि मग टाका शाबूत राहून टाक्याच्या शेजारून कापड फाटतं. फाटलेला टॉप हातात घेतला की हे लगेच कळतं, दोरा तुटलेला आहे की दोरा जागेवर आहे आणि कापड गेलंय ते बघायचं. दोरा तुटला असेल तर दोरा किंवा ताण बदला, कापड गेलं असेल तर आतून बोटभर रुंदीचा त्याच कापडाचा तुकडा ठेवून त्यावर बारटॅक मारा आणि टाके थोडे विरळ करा.

आता हालचाल. इथे एक गैरसमज इतका घट्ट बसलाय की तो मोडायला मला प्रत्येक वेळी प्रत्यक्ष दाखवावं लागतं. लोकांना वाटतं मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, जितका खोल आणि ढिला तितका हात मोकळा. उलट आहे. मुंढा काखेच्या खूप खाली असेल तर हात वर केला की बाही अंगाला धरून वर ओढते, आणि पूर्ण टॉप वर येतो, कंबर उघडी पडते, सलाइनची बाटली अडकवताना दर वेळी. मुंढा काखेजवळ आणला, म्हणजे काखेखाली दोन-तीन सेंटीमीटरच जागा ठेवली, तर हात वर जातो आणि अंग जागेवर राहतं. त्याबरोबर बाहीचा डोक्याचा उंचवटा, म्हणजे काखेच्या रेषेपासून खांद्यापर्यंतची बाहीची उंची, कमी ठेवायची. फॉर्मल शर्टाला ती जास्त असते म्हणून हात खाली सोडला की बाही छान सरळ पडते. स्क्रबला १० च्या आसपास ठेवा, हात खाली असताना काखेत थोड्या चुण्या दिसतील, दिसू देत, हात वर गेल्यावर त्याच चुण्या उलगडून कामाला येतात.

जुन्या पद्धतीचा स्क्रब, ज्यात बाही आणि अंग एकाच तुकड्यात कापलेलं असतं, त्याला जोड कमी, शिवायला स्वस्त, धुवायलाही सोपा. पण त्याचा मुंढा मुळातच खाली असतो. तो ठेवायचाच असेल तर काखेत चौकटच्या आकाराचा वेगळा तुकडा घाला, गसेट म्हणतात त्याला. मी स्वतः वेगळी जोडलेली बाही पसंत करते कारण गसेटच्या टोकाला शिवणी एकाच बिंदूत मिळतात आणि पन्नास-साठ धुण्यांनंतर तो बिंदू पहिला उसवतो.

पाठीचं गणितही बघू. दोन्ही हात पुढे घेतले, म्हणजे पेशंटला कूस बदलून देताना घेतात तसे, तर पाठीची कातडी आडवी साधारण १३ ते १६ टक्के ताणली जाते. काखेपासून काखेपर्यंत पाठ ४० सेंटीमीटर असेल तर ५ ते ६ सेंटीमीटर जास्तीचं कापड तिथे हवं, नाहीतर ताण मुंढ्याच्या मागच्या शिवणीवर येतो आणि ती शिवण फाटते. हे कापड आणायचं कुठून? मध्ये खोल चूण घातली तर दिसते छान, पण ती दर वेळी इस्त्रीने बसवावी लागते आणि तिच्या घडीत पाणी राहतं. त्यापेक्षा खांद्याला योक, म्हणजे पाठीच्या वर आडवा जोडलेला वेगळा तुकडा, देऊन त्याखाली दोन्ही बाजूंना थोडा झोळ सोडा, त्याला इस्त्री लागत नाही.

मग कोणीतरी विचारतंच की स्ट्रेच कापड का नाही घ्यायचं, सगळा प्रश्नच मिटेल. नवं असताना मिटतो हे खरंय, फार छान वाटतं अंगाला. पण स्ट्रेच येतो तो बहुतेक वेळा इलास्टेन म्हणजे स्पॅन्डेक्समधून, आणि त्याला उष्णता आणि क्लोरीन ब्लीच दोन्ही सोसत नाही. हळूहळू तो ताणला जातो पण परत येत नाही, पँटच्या गुडघ्याला पिशवी येते, कापडातून बारीक पांढरे तुटके तंतू डोकावायला लागतात. घरी ४० अंशाला धुणाऱ्यांना इलास्टेन चालेल. ७१ अंश आणि ब्लीच असेल तर एकतर पीबीटीसारख्या पॉलिस्टरच्याच कुळातल्या ताणणाऱ्या तंतूचं कापड मागा, किंवा पॅटर्नमध्येच हालचालीची जागा ठेवा. पँटच्या कमरेचं तेच, नुसत्या इलॅस्टिकवर विसंबू नका, नेफ्यात नाडी हवीच, आणि ती नाडी मागे मध्यावर एका ठिकाणी शिवून टाका, नाहीतर पिळताना निघून येते आणि लॉन्ड्रीत नाड्यांचा गुंता वेगळा आणि पँटी वेगळ्या.

रंगाचं थोडक्यात पण नीट सांगते. कॉटनच्या वाट्याला व्हॅट डाय मागा, गरम पाणी आणि क्लोरीन दोन्हीला तो टिकतो. रिअॅक्टिव्ह डाय चमकदार असतो, धुण्यालाही बरा असतो, पण क्लोरीन लागला की त्यातले बरेच रंग उतरतात. रंग टिकवायला आणि डाग टाळायला, दोन्हीसाठी, शक्य असेल तिथे लॉन्ड्रीला ऑक्सिजन ब्लीच म्हणजे पेरॉक्साइड वापरायला सांगा. डागाचं कारण असं, वॉर्डमध्ये क्लोरहेक्सिडिनचं द्रावण हात आणि कातडी साफ करायला सर्रास वापरतात, ते कपड्यावर पडलं तर दिसत नाही, धाग्याला घट्ट धरून बसतं, आणि मग क्लोरीन ब्लीच लागलं की तिथे तपकिरी डाग उमटतो जो कायमचा. कपडा वॉर्डमधून स्वच्छ दिसत गेला आणि लॉन्ड्रीतून डागाळून आला, म्हणून दोष लॉन्ड्रीवर जातो. ओळखायचं कसं? डाग बहुतेक पोटाच्या समोर आणि खिशाच्या तोंडाशी असतात, म्हणजे हात पुसायच्या जागी, थेंबांच्या किंवा बोटांच्या आकाराचे. गंजाचा डाग असता तर कुठेही असता. आणि परत क्लोरीनमध्ये टाकून तो काढायचा प्रयत्न करू नका, गडद होतो.

आता समजा हे सगळं करून सँपल तयार झालं. ऑर्डर द्यायच्या आधी किती धुऊन बघायचं? हिशेब करा. एका नर्सला पाच जोड दिले, आठवड्याला सहा शिफ्ट, दर शिफ्टनंतर धुणं, तर वर्षाला ३१२ धुणी पाच जोडांत वाटली जातात, म्हणजे एका टॉपला वर्षात साधारण ६२. तीनच जोड दिले तर तोच टॉप वर्षात १०४ वेळा धुतला जाईल. त्यामुळे कमी जोड घेऊन पैसे वाचत नाहीत, टॉप लवकर मरतात एवढंच. वर्षभराची हमी हवी असेल आणि पाच जोड असतील तर सँपलला किमान ७५ धुणी द्या, त्याच लॉन्ड्रीत, नेहमीच्या लोडमध्ये मिसळून, आणि पाचव्या, पंचविसाव्या, पन्नासाव्या आणि पंचाहत्तराव्या धुण्याला बाहेर काढून बघा. (इंडस्ट्रियल धुण्याच्या चाचणीसाठी आयएसओ १५७९७ नावाचं एक मानक आहे, कापड विकणाऱ्याला त्याचा रिपोर्ट मागा, पण तो कापडाचा असतो, तुमच्या शिवलेल्या टॉपचा नसतो.)

पाचव्याला मापं घ्या आणि गळ्याची पट्टी टेबलावर सपाट पसरते का बघा. पंचविसाव्याला शिवणींच्या चुण्या, बटणं, लेबलची शाई. पन्नासाव्याला एखाद्या नर्सच्या अंगावर घाला, दोन्ही हात वर करायला सांगा आणि खालची कड किती वर गेली ते मोजा, नव्या टॉपवर मोजलं होतं त्याच्याशी ताडून बघा, मग खाली वाकायला सांगा आणि समोरून गळा बघा. पंचाहत्तराव्याला टॉप खिडकीच्या उजेडासमोर धरा. मिश्र कापडात कॉटन आधी झिजून निघून जातं आणि पॉलिस्टर मागे राहतं, म्हणून खांद्यावर, खिशाच्या तोंडाशी आणि पोटावर कापड फिकट आणि जाळीदार दिसायला लागतं, रंग उडाल्यासारखं वाटतं पण रंग उडालेला नसतो, कॉटनच उरलेलं नसतं. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी तिथे जोरात ओढून बघा, टर्र झालं तर त्या कापडाचं आयुष्य ७५ पेक्षा कमी आहे.

आणि वॉर्डात वापरात असलेल्या टॉपलाही हीच उजेडाची आणि अंगठ्याची परीक्षा लावा, घडी घालणाऱ्या बाईला शिकवून ठेवा, तिच्या हातून प्रत्येक टॉप जातोच, आणि जो नापास होईल तो तिनेच तिथल्या तिथे बाजूला काढायचा, असा अधिकार तिला लेखी द्या.